रोख दिलेले पैसे बँकेत परत का येतात? सीओडी रिफंडचा मार्ग

प्रश्न: मी कॅश ऑन डिलिव्हरीने साडी मागवली, दारात रोख पैसे दिले. साडी सदोष निघाली म्हणून परत केली. आता कंपनी रिफंडसाठी खाते क्रमांक आणि आयएफएससी मागतेय. मी ऑनलाइन एक रुपयाही भरला नव्हता, मग बँकेची माहिती कशाला? साडी न्यायला आलेल्या मुलाने रोखच का दिले नाहीत? आणि ही माहिती देणं सुरक्षित आहे का?

उत्तर: ऑनलाइन विक्री करणाऱ्यांच्या रिफंडचा हिशेब सांभाळणं हे बरीच वर्षं माझं काम आहे. माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त अडकणारी प्रकरणं सीओडीचीच असतात, आणि बहुतेक वेळा ती फसवणुकीमुळे नव्हे, तर पैसे कुठून कुठे जातात हे गिऱ्हाइकाला कुणी सांगितलेलं नसल्यामुळे अडकतात.

तुम्ही कार्डाने किंवा यूपीआयने पैसे भरता तेव्हा त्या व्यवहाराचा एक क्रमांक तयार होतो. रिफंड देताना कंपनी तोच क्रमांक उलटा फिरवते आणि पैसे आले त्याच वाटेने परत जातात. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये पेमेंट अ‍ॅग्रीगेटर, म्हणजे विक्रेत्यांसाठी ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांसाठी जे नियम काढले, त्यांतही हेच आहे: रिफंड मूळ मार्गानेच जायला हवा, ग्राहकाने स्वतः दुसरा मार्ग मान्य केला असेल तरच अपवाद. म्हणून ऑनलाइन भरणाऱ्याला कुणी खाते क्रमांक विचारत नाही. तो न विचारताही पैसे घरी पोहोचतात.

रोखीला अशी उलटी वाटच नाही. तुम्ही दारात दिलेल्या नोटा डिलिव्हरी बॉय संध्याकाळी कुरिअरच्या हबवर जमा करतो. तिथे दिवसभराची सगळी रोकड मोजली जाते, ती कुरिअर कंपनीच्या खात्यात भरली जाते, आणि कुरिअर कंपनी काही दिवसांनी शेकडो पार्सलांची रक्कम एकत्र करून, आपला आकार कापून, विक्रेत्याला पाठवते. या सगळ्या प्रवासात कंपनीच्या नोंदीत एवढंच उरतं की अमुक एडब्ल्यूबी नंबरच्या पार्सलचे इतके रुपये वसूल झाले. एडब्ल्यूबी म्हणजे पार्सलच्या लेबलावर बारकोडखाली छापलेला तो लांब आकडा. तुमचं नाव, पत्ता, मोबाइल कंपनीकडे असतं, पण पैसे कुठे टाकायचे हे तिला माहीत असण्याचं काही कारणच नसतं. त्यामुळे सीओडीचा रिफंड हा खरं तर रिफंड नसून तुमच्या नावाने काढलेलं नवीन पेमेंट असतं, आणि नवीन पेमेंटला पत्ता लागतो. खाते क्रमांक आणि आयएफएससी हा तो पत्ता.

पिकअपला आलेल्या मुलाने रोख का दिले नाहीत, याची कारणं साधी आहेत. साडी घेऊन आलेला आणि परत न्यायला आलेला माणूस बहुतेक वेळा वेगळा असतो, बऱ्याचदा कुरिअर कंपनीही वेगळी असते. पहिल्याने घेतलेली रोकड केव्हाच जमा झालेली असते. दुसऱ्याच्या खिशात कंपनीचे पैसे नसतात आणि तसे द्यायचा अधिकारही त्याला नसतो. शिवाय त्या क्षणी वस्तू तपासलेली नसते. गोदामात बॉक्स उघडल्यावर आत दुसरीच वस्तू निघाली, असं आम्ही रोज बघतो. तिसरं कारण तुमच्या फायद्याचं आहे: दारात रोख दिली असती तर ती तुम्हाला पूर्ण मिळाली की नाही, याचा पुरावा तुमच्याकडेही नसता आणि आमच्याकडेही नसता. बँकेतून गेलेल्या पैशाला क्रमांक असतो, आणि वाद झाला की तोच उपयोगी पडतो.

इथे एक फरक लक्षात घ्या. पार्सल दारातच नाकारलं, पैसे दिलेच नाहीत, तर रिफंडचा प्रश्न येत नाही. ते पार्सल नुसतं विक्रेत्याकडे परत जातं. तरीही फोन करून "तुमचं पार्सल रद्द झालंय, रिफंडसाठी खातं सांगा" असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवून द्या. जे दिलंच नाही ते परत कोण करणार?

आता प्रत्यक्ष कसं होतं ते एका प्रकरणातून सांगतो. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, बाकी क्रम तसाच आहे.

लातूर जिल्ह्यातल्या एका ताईंनी १,८९९ रुपयांची साडी मागवली. सीओडीचा आकार ४९ रुपये, म्हणून दारात १,९४८ रुपये दिले. तारीख ३. काठाची वीण दोन ठिकाणी उसवलेली होती. त्यांनी ५ तारखेला अ‍ॅपवर रिटर्न टाकला, फोटो जोडले, आणि तिथेच रिफंडसाठी सहकारी बँकेतलं आपलं खातं भरलं. ७ तारखेला पिकअप झाला. साडी १२ तारखेला गोदामात आली, १३ला तपासली गेली, आणि १४ तारखेला सकाळी एनईएफटीने पैसे निघाले. ताईंच्या अ‍ॅपवर "रिफंड पूर्ण" असं हिरवं टिकमार्क आलं.

पैसे मात्र आले नाहीत. पाच दिवस वाट बघून ताईंनी १९ला फोन केला आणि अगदी रास्त प्रश्न विचारला: "पूर्ण झालं म्हणता, मग पैसे कुठायत?"

आमच्या बँक स्टेटमेंटमध्ये उत्तर होतं. १४ तारखेलाच सकाळी रक्कम गेल्याची नोंद, आणि त्याच दिवशी दुपारी तेवढीच रक्कम परत आल्याची नोंद, कारण म्हणून "खाते अस्तित्वात नाही". एनईएफटीची व्यवस्था अशी आहे की दर अर्ध्या तासाला एक बॅच चालते, आणि समोरच्या बँकेला रक्कम जमा करता आली नाही तर बॅच झाल्यापासून दोन तासांत ती पाठवणाऱ्याकडे परत करायची असते. म्हणजे पैसे हरवले नव्हते. ते कंपनीकडेच परत येऊन पडले होते. पण अ‍ॅपवरची स्थिती पैसे निघाले त्या क्षणाची असते, परत आलेल्या रकमेची खबर तिथपर्यंत जात नाही. ही त्रुटी अनेक विक्रेत्यांच्या व्यवस्थेत आहे आणि गिऱ्हाइकाचा सगळ्यात जास्त मनस्ताप तिच्यातूनच होतो.

खाते क्रमांक चुकला कसा? ताईंनी पासबुक समोर धरूनच आकडा लिहिला होता. पण त्यांचं पासबुक जुनं होतं, आणि त्यावर शाखेतला छोटा क्रमांक होता. "बचत" आणि पुढे चारच आकडे. काउंटरवर गेलं की तो क्रमांक चालतो, कारण कारकुनाला शाखा माहीत असते. पण बाहेरून पैसे यायचे तर संगणकातला पूर्ण क्रमांक लागतो, ज्यात शाखेचा आणि खात्याच्या प्रकाराचा कोडही असतो. ताईंनी शाखेत फोन केला, पूर्ण क्रमांक मिळवला, अ‍ॅपमध्ये बदलला. २० तारखेला आयएमपीएसने पुन्हा पाठवले आणि तासाभरात त्यांच्या मोबाइलवर जमा झाल्याचा संदेश आला.

गेलेली रक्कम १,८९९ होती. ताईंनी ४९ रुपयांबद्दलही विचारलं, आणि बरोबर विचारलं. नुसतं मन बदललं म्हणून वस्तू परत केली तर सीओडीचा आकार परत न देण्याची अट कंपनी घालू शकते, ती तिच्या धोरणात लिहिलेली असते. पण वस्तूच सदोष असेल तर गोष्ट वेगळी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात की सदोष, नकली किंवा जाहिरातीपेक्षा वेगळी वस्तू परत घ्यायला आणि तिचा मोबदला परत द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. म्हणून ते ४९ रुपयेही ताईंना परत पाठवले. तुमच्या साडीत दोष आहे, म्हणून तुम्हीही दारात दिलेला पूर्ण आकडा मागा.

या प्रकरणात क्रमांक अस्तित्वातच नव्हता म्हणून पैसे परत तरी आले. खरी भीती वेगळी आहे. एखादा आकडा चुकला आणि तो चुकलेला क्रमांक दुसऱ्याच कुणाचं खातं निघालं, तर पैसे सरळ त्याच्या खात्यात जातात. अनेकांना वाटतं, नाव जुळलं नाही तर बँक थांबवेल. तसं होत नाही. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये रक्कम फक्त खाते क्रमांकावरून जमा होते, नाव जुळवणं ही जमा करण्याची अट नाही. एप्रिल २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बँकांनी पैसे पाठवणाऱ्याला खातेदाराचं नाव आधी दाखवायची सोय केली आहे, पण ती स्वतःच्या बँकेतून पैसे पाठवणाऱ्या माणसासाठी. हजारो रिफंड एकत्र पाठवणाऱ्या कंपन्या वेगळी युक्ती वापरतात: आधी तुमच्या खात्यात एक रुपया टाकतात. तो जमा झाला की बँकेकडून खातेदाराचं नाव कळतं, ते ऑर्डरवरच्या नावाशी ताडून बघतात, मग पूर्ण रक्कम सोडतात. तेव्हा ओळखीच्या ऑर्डरनंतर अनोळखी नावाने एक रुपया आला तर घाबरू नका. तो बहुधा तुमच्या रिफंडच्या पुढे आलेला निरोप असतो. मात्र तो रुपया "परत करा" असं सांगणारा फोन आला, तर तो कंपनीचा नाही. कुठलीच कंपनी तो रुपया परत मागत नाही.

नाव याचसाठी विचारतात. आणखी एक कारण आहे ज्याबद्दल कंपन्या बाहेर बोलत नाहीत. रिफंड सोडणाऱ्या माणसाला खाते क्रमांक स्वतः टाकायची मुभा असेल, तर तो गिऱ्हाइकाच्या नावाखाली आपलं किंवा मेव्हण्याचं खातं टाकू शकतो. सीओडीमध्ये हे करणं सोपं असतं, कारण मूळ पेमेंटशी ताडून बघायला काहीच नसतं. म्हणून नीट चालणाऱ्या कंपनीत खातं गिऱ्हाइकानेच, आपल्या लॉगिनमध्ये जाऊन, ओटीपी देऊन भरायचं असा नियम असतो आणि कर्मचाऱ्याला त्यातले शेवटचे चार आकडेच दिसतात. ग्राहक सेवेतला माणूस "मी फोनवर खातं लिहून घेऊ शकत नाही, तुम्हीच अ‍ॅपमध्ये भरा" म्हणतो तेव्हा तो टाळाटाळ करत नाही, तो नियम पाळतो. उलट जो फोनवरच सगळं लिहून घ्यायला उत्सुक असतो, त्याच्यापासून जपून राहा.

नाव जुळवण्यामुळे घरोघरी होणारी अडचणही सांगतो. ऑर्डर सुनेच्या नावाने, पैसे सासूबाईंनी दिले, खातं मुलाचं. काही कंपन्या हे चालवून घेतात, काही नाकारतात. शक्य असेल तर ऑर्डर ज्याच्या नावाने त्याचंच खातं द्या. नसेलच, तर आधी ईमेलने विचारा आणि "अमुक नात्यातल्या व्यक्तीच्या खात्यात रक्कम द्यावी" असं लेखी कळवा. परदेशातल्या मुलांनी आईवडिलांसाठी मागवलेल्या वस्तूंचं तर हमखास होतं: मुलगा आपलं एनआरई खातं देतो आणि रक्कम परत येते. एनआरई खात्यात देशातला असा रुपया जमा होत नाही. एनआरओ खातं द्या, किंवा सरळ आईवडिलांचं.

आपल्याकडच्या बँकांबद्दल आणखी दोन गोष्टी. पतसंस्थेतल्या खात्याला स्वतःचा आयएफएससी नसतो, त्यामुळे ते खातं रिफंडसाठी देऊ नका, बँकेतलंच द्या. छोट्या नागरी सहकारी बँका कधी मोठ्या बँकेच्या आधाराने एनईएफटीत सामील असतात. अशा वेळी तुमचा आयएफएससी दुसऱ्याच बँकेच्या नावाने सुरू होतो. ते चूक नाही, पण अंदाजाने भरू नका, शाखेतून विचारून घ्या. आणि विलीन झालेल्या बँकांची जुनी चेकबुकं अजून कपाटात आहेत. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरात, कॉर्पोरेशन आणि आंध्र बँक युनियन बँकेत. त्या जुन्या चेकवरचा कोड आता चालत नाही. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार बँकेची अक्षरं, पाचवा नेहमी शून्य, शेवटची सहा शाखेची. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी O टाइप करणं ही मी पाहिलेली सगळ्यात नेहमीची चूक. महाराष्ट्र बँकेचा कोड `MAHB0` असा सुरू होतो, त्यातला शेवटचा आकडा आहे, अक्षर नाही.

सुरक्षिततेचं म्हणाल तर खाते क्रमांक, आयएफएससी आणि नाव यांच्या जोरावर कुणी तुमच्या खात्यातून पैसे काढू शकत नाही. ही माहिती तुमच्या चेकवर बहुधा छापलेलीच असते आणि तुम्ही तो चेक अनोळखी माणसाच्या हातात देता. या माहितीने फक्त पैसे आत येतात. यूपीआय आयडीचंही तेच. छोटे विक्रेते कधी रद्द केलेल्या चेकचा फोटो मागतात, तोही द्यायला हरकत नाही. मात्र त्यावर आडवं "रद्द" लिहा आणि सही करू नका.

धोका सुरू होतो तो यापलीकडचं मागितलं की. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच, येत नाहीत. पैसे मिळवायला क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. कार्ड नंबर, सीव्हीव्ही, एटीएम पिन यांचा सीओडी रिफंडशी काही संबंध नाही. स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल टाकायला सांगणारा माणूस चोरच असतो. ओटीपीबद्दल लोक गोंधळतात, कारण खरी कंपनीही ओटीपी पाठवते: एक पिकअपच्या वेळी, एक खातं भरताना. फरक संदेशातच वाचायला मिळतो. कंपनीच्या ओटीपीत ऑर्डरचा किंवा लॉगिनचा उल्लेख असतो आणि तो तुम्ही तिच्याच अ‍ॅपमध्ये टाकता, किंवा समोर उभ्या असलेल्या पिकअपवाल्याला, वस्तू देताना सांगता. तुमच्या बँकेकडून आलेला, रक्कम लिहिलेला ओटीपी पैसे काढण्यासाठीच असतो. तो कुणालाही, कधीही सांगायचा नाही.

फसणाऱ्यांपैकी बरेच जण एकाच वाटेने फसतात: रिफंड उशिरा आला म्हणून गुगलवर "कस्टमर केअर नंबर" शोधतात आणि पहिला दिसेल तो फिरवतात. तिथे भामट्यांनी टाकलेले नंबर असतात. नंबर नेहमी अ‍ॅपच्या आतून किंवा बिलावरून घ्या. आणि चुकून पिन दिलाच गेला, पैसे गेले, तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी थांबवता येण्याची शक्यता सुरुवातीच्या काही तासांतच जास्त असते.

स्वतःची वेबसाइट असलेले छोटे ब्रँड आता एसएमएसवर एक लिंक पाठवतात. तिच्यावर गेलं की "रक्कम कुठे हवी: बँक खाते की यूपीआय?" एवढं विचारलं जातं, तुम्ही भरता, पैसे येतात. ही पद्धत खरी आहे, पण हुबेहूब खोट्या लिंकही फिरतात. एसएमएसमधल्या लिंकवर थेट जाऊ नका. आधी आपल्या ऑर्डरच्या पानावर जाऊन "रिफंडसाठी माहिती हवी" असं तिथे दिसतंय का बघा. खऱ्या लिंकवर तुमच्या रिफंडची नेमकी रक्कम आधीच लिहिलेली असते आणि पिनची जागा कुठेच नसते.

दारात क्यूआर कोडवर पैसे देणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. ऑर्डर सीओडीची, पण सुट्टे नाहीत म्हणून स्कॅन केलं. डिलिव्हरी बॉयने आपल्या कामाच्या मशीनवर तुमच्या ऑर्डरसाठी उमटवलेला क्यूआर असेल, तर ते पेमेंट कंपनीच्या नोंदीत ऑनलाइन म्हणून जातं आणि रिफंड बहुतेक वेळा त्याच यूपीआय खात्यात परत येतो. पण त्याने "मशीन चालत नाही, माझ्या नंबरवर टाका" म्हणून स्वतःचा कोड दाखवला असेल, तर कंपनीच्या लेखी तुम्ही रोखच दिलेत, कारण त्याने हबवर आपल्याकडची रोकड भरली. रिफंड तरीही मिळतो, फक्त बँकेची माहिती विचारली जाते आणि तुम्हाला वाटतं, मी तर यूपीआयने दिले होते! स्कॅन केल्यावर नाव वाचा. कंपनीचं किंवा कुरिअरचं नाव दिसायला हवं, माणसाचं नाही. तसंच, ऑर्डर देताना थोडी आगाऊ रक्कम ऑनलाइन आणि बाकी दारात रोख अशी दिली असेल, तर रिफंडचेही दोन तुकडे होतात. आगाऊ रक्कम आली त्या मार्गाने जाते, रोख भाग खात्यात. दोन वेगळ्या दिवशी दोन आकडे आले की लोक कमी पैसे आले म्हणून भांडतात. आधी बेरीज करून बघा.

बँकेऐवजी कंपनीच्या वॉलेटमध्ये किंवा स्टोअर क्रेडिट म्हणून रक्कम घ्या, असा पर्यायही समोर येईल. ते लगेच जमा होतं, म्हणून मोहात पडायला होतं. तिथून पुन्हा लवकर काही घ्यायचं असेल तर खुशाल घ्या. पण एकदा क्रेडिट स्वीकारलं की ते बँकेत वळवून मिळणं कठीण, आणि त्याला कालमर्यादाही असू शकते. तुमची वस्तू सदोष असेल आणि कंपनी "फक्त क्रेडिटच मिळेल" म्हणत असेल, तर मान्य करू नका. रोख दिली होती, रकमेच्याच रूपात परत मिळायला हवी.

पैसे आले नाहीत तर काय मागायचं, हे नेमकं माहीत असलं की अर्धं काम होतं. ग्राहक सेवेला "रिफंड कधी?" असं विचारलंत तर "पाच ते सात कामाचे दिवस" हे पाठ केलेलं उत्तर मिळेल. त्याऐवजी यूटीआर मागा, म्हणजे बँकेने त्या पेमेंटला दिलेला क्रमांक. एनईएफटीचा यूटीआर सोळा अक्षरांचा असतो आणि पैसे पाठवणाऱ्या बँकेच्या अक्षरांनी सुरू होतो, आयएमपीएस आणि यूपीआयचा संदर्भ क्रमांक बारा आकडी असतो. कंपनी "रिफंड आयडी" म्हणून स्वतःचा एखादा क्रमांक देते, त्याचा बँकेला काही उपयोग नाही. यूटीआर देऊ शकत नसतील, तर पैसे अजून निघालेलेच नाहीत असं खुशाल समजा.

यूटीआर मिळाला की पासबुक भरून घ्या आणि कंपनीचं नाव शोधू नका, रक्कम आणि क्रमांक शोधा. रिफंड बऱ्याचदा पेमेंट कंपनीच्या खात्यातून येतो, त्यामुळे नोंदीत दुकानाचं नाव नसतंच. "आलेच नाहीत" म्हणणाऱ्या कितीतरी जणांच्या खात्यात पैसे आठवडाभर आधीच येऊन पडलेले असतात. नोंद खरंच नसेल तर यूटीआर घेऊन आपल्या शाखेत जा आणि "ही रक्कम आमच्याकडे आली नाही" किंवा "आली आणि परत गेली" असं ईमेलवर लिहून घ्या. तो ईमेल कंपनीला पाठवला की त्यांना आपल्या स्टेटमेंटमध्ये परत आलेली रक्कम शोधावीच लागते.

विक्रेत्याला कुरिअरकडून तुमच्या रोकडीचे पैसे अजून मिळाले नाहीत, हे कारण कधी ऐकू आलं तर ते ऐकून घेऊ नका. छोट्या विक्रेत्यांची ही अडचण खरी असते, मी जवळून पाहिली आहे. पण तो त्यांचा आणि कुरिअरचा आपसातला हिशेब. तुम्ही पैसे दिलेत, वस्तू परत दिलीत, तुमचा संबंध विक्रेत्याशी.

तरीही हललं नाही, तर अ‍ॅप किंवा वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता असतो, तो शोधा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायला हवी आणि महिन्याभरात निकाल लावायला हवा. पोच नाही आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. कंपन्या तिथून आलेल्या तक्रारी वेगळ्या रांगेत घेतात, हे मी आतून सांगतो. शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. तिथे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

या सगळ्यात सीओडीवाल्याची बाजू एका ठिकाणी कच्ची असते: पैसे दिल्याचा त्याच्याकडे बँकेचा पुरावा नसतो. म्हणून पार्सल आल्या दिवशीचा "डिलिव्हर झालं" हा एसएमएस पुसू नका, त्यात रक्कम वसूल झाल्याचं बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. पार्सलच्या लेबलाचा फोटो काढा, एडब्ल्यूबी नंबर आणि रक्कम दोन्ही दिसतील असा. बिल जपा. आणि पिकअपच्या वेळी पावती किंवा पिकअप झाल्याचा संदेश आल्याशिवाय वस्तू हातातून सोडू नका, पिकअपवाला कितीही घाईत असला तरी.